परत आलेला लॅपटॉप 'ओपन बॉक्स' म्हणून विकताना दुकानाचं नाव कसं राखायचं?

म्हापशेकर

नमस्कार मंडळी. म्हापशात माझं लॅपटॉप-प्रिंटरचं छोटं दुकान आहे. वडिलांनी टायपरायटर दुरुस्तीपासून सुरू केलेलं, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक ओळखीतलं, आजूबाजूच्या गावांतलं.

एप्रिलमध्ये साखळी गावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला लॅपटॉप दिला. नवव्या दिवशी तो घेऊन आला, म्हणाला, 'मधूनच आपोआप बंद पडतो.' दिवसभर काउंटरवर चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही. पण माणूस वडिलांच्या वेळचा, वाद कशाला घालायचा? परत घेतला आणि दुसऱ्या कंपनीचा दिला. परत आलेल्या मशीनवर एक ओरखडा नव्हता. खोका, चार्जर, पिशवी सगळं जागेवर. मी रीसेट मारला, 'ओपन बॉक्स, ए ग्रेड' अशी चिठ्ठी लावली आणि चार हजार कमी करून मे महिन्यात कुर्टीच्या एका मुलीला विकला.

बाराव्या दिवशी ती वडिलांबरोबर हजर. तक्रार शब्दशः तीच. पैसे मी जागच्या जागी परत केले, पण तोपर्यंत तिच्या वडिलांनी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मशीनच्या फोटोसकट लिहून टाकलं होतं की ह्या दुकानात एकाचा खराब माल दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. मला फार लागलं ते. आणि त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नाही, कारण तक्रार मला माहीत होती आणि मी ती मुलीला सांगितली नव्हती.

आता दुकानात परत आलेली आणखी तीन मशीनं आहेत. चवथ तोंडावर आली, पैसे अडकून पडलेत. परत आलेला माल तपासायचा कसा, ग्रेड कशावरून ठरवायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला किती सांगायचं? अनुभव असलेल्यांनी लिहा.

---

बेळगावी

पात्रांव, मुळात परत घेतलातच का? मी बिलावरच छापून घेतलंय, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. बिघाड असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा म्हणायचं. दुकानदाराचं काम विकणं. ओपन बॉक्स वगैरे मोठ्या ऑनलाइनवाल्यांना परवडतं.

---

सोल्डरवाला

मडगावात बावीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. म्हापशेकर, आधी तीन प्रश्न. तुम्ही तपासला तेव्हा एसी चालू होता का? चार्जर लावलेला होता का? आणि मशीन टेबलावर सपाट होतं का?

---

म्हापशेकर

तिन्हींना हो. काउंटरवर, एसीत, चार्जर लावून यूट्यूब चालू ठेवलं होतं.

---

सोल्डरवाला

म्हणजे तुम्ही दुकानातला लॅपटॉप तपासलात, गिऱ्हाइकाचा नाही. रागावू नका, नवीन पोरांना मी हेच शिकवतो. तक्रार ज्या परिस्थितीत झाली, तीच परिस्थिती उभी केल्याशिवाय 'दोष सापडला नाही' असं लिहायचं नाही.

गिऱ्हाइकाला फोन करून विचारा: कुठे बसून वापरत होता, मांडीवर की टेबलावर? पंखा होता की एसी? बॅटरीवर की चार्जरवर? बंद पडताना स्क्रीन निळी झाली की झटकन काळी? बंद पडण्याआधी खालची बाजू चटका बसण्याइतकी तापली होती का? पाच मिनिटांच्या ह्या फोनने जे कळतं ते दोन दिवस काउंटरवर ठेवून कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही आधी रीसेट मारलात. पुरावा तिथेच गेला. विंडोज अचानक बंद पडली की पुढच्या वेळी सुरू होताना ती त्याची नोंद ठेवते, Event Viewer मध्ये Kernel-Power नावाखाली, क्रमांक 41. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, त्याच्या परवानगीने, पॉवरशेल उघडून एवढं चालवायचं:

```
Get-WinEvent -FilterHashtable @{LogName='System'; ProviderName='Microsoft-Windows-Kernel-Power'; Id=41}
```

नऊ दिवसांत सात-आठ नोंदी दिसल्या तर माणूस खरं बोलतोय. एकही नसेल तर निदान तसा बंद पडलेला नाही, मग दुसरं काही विचारा. एक सावधगिरी: कोणी पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला तरी हीच नोंद होते. म्हणून नोंद दिसली की लगेच मशीन खराब असं नाही, पण लॅपटॉपला बॅटरी असते, वीज गेली म्हणून तो असा बंद पडत नाही. वारंवार नोंदी म्हणजे शोधायला काहीतरी आहे.

नोंद बघून फोटो काढून ठेवा, मगच रीसेट.

---

म्हापशेकर

हे मला खरंच माहीत नव्हतं. रीसेट म्हणजे स्वच्छता असं समजून मी ते सगळ्यात आधी करायचो. उद्या साखळीला आणि कुर्टीला दोन्हीकडे फोन करतो. कुर्टीच्या घरी फोन लावायला मन धजत नाही, पण करतो.

---

कुळागर

मी दुकानदार नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. माझा मिक्सर तीन आठवड्यांपूर्वी घेतलाय आणि आवाज फार करतो. खोका उघडला असेल तर परत घेतात का? आणि घेतलाच तर तो मिक्सर पुढे कोणाला देतात?

हे विचारायचं कारण, मागे एकदा 'नवीन' म्हणून घेतलेल्या मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग मी धुवायला काढली, तर आत पिवळट वळ आणि लसणीचा वास. चटणीच्या भांड्याच्या पात्याखाली कोथिंबिरीचं वाळलेलं पान चिकटलं होतं. खोका प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला, वर कंपनीची पट्टी. त्या दुकानात मी नंतर पाऊल ठेवलं नाही, आणि आमच्या वाड्यावरच्या चार घरांनीही नाही.

---

पेडण्याचा_पुण्यात

कुळागरताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच ह्या धाग्याचं उत्तर आहे. मी पेडण्याचा, सध्या पुण्यात. परत आलेला माल वेगळा करायच्या गोदामात सहा वर्षं काम केलं, रोज शेकडो खोकी. प्लॅस्टिक पुन्हा गुंडाळायचं मशीन महाग नाही, आणि काही ठिकाणी ते खरंच वापरतात. आपण ते करायचं नाहीच, पण तेवढं पुरत नाही. उघडलेला खोका उघडलेलाच दिसला पाहिजे. त्यावर आपली चिठ्ठी, आपली पट्टी, आपली तारीख.

आता ग्रेडबद्दल. म्हापशेकरांनी ए ग्रेड दिला तो ओरखडा नाही म्हणून. आमच्याकडेही नवी पोरं सुरुवातीला हेच करायची. दिसण्यावरून ग्रेड दिला की सगळ्यात चकचकीत मशीन सगळ्यात धोक्याचं ठरतं, कारण जे सतत बंद पडतं ते कोणी वापरतच नाही. त्यावर ओरखडे येणार कुठून?

म्हणून पहिला प्रश्न एकच: परत का आलं? त्यावरून ढीग करायचे. पहिल्या ढिगात खोका उघडला पण मशीन सुरूच झालं नाही किंवा एकदाच झालं, मन बदललं, रंग आवडला नाही असे. दुसऱ्यात काही दिवस वापरलं, दोष नाही, कामाला अपुरं पडलं म्हणून परत. तिसऱ्यात दोष होता, सापडला, दुरुस्त झाला, दुरुस्तीचा कागद आहे. आणि चौथ्यात तक्रार आहे पण दोष सापडला नाही. हा चौथा ढीग काउंटरवर कधीच येता कामा नये. तो एकतर कंपनीच्या मुदतीत सर्व्हिस सेंटरला पाठवून 'आल्या आल्या बिघडलेला' असा दाखला घेऊन वितरकाकडे परत, नाहीतर कारण सापडेपर्यंत कपाटात. तुमचं मशीन चौथ्या ढिगातलं होतं आणि तुम्ही पहिल्याची चिठ्ठी लावलीत.

ओरखडे, डाग, खोका फाटलेला हे सगळं ढीग ठरल्यानंतर, किंमत ठरवताना.

---

बेळगावी

ढीग वगैरे ठीक. पण चिठ्ठीवर 'आधीच्या गिऱ्हाइकाने परत केला' असं लिहिलंत तर घेणार कोण? मी 'डिस्प्ले पीस' म्हणून विकतो. सगळ्यांना कळतं आणि कोणी दुखावत नाही.

---

माणकुली

बेळगावीकाका, मी दुखावेन. मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे आणि दोन वर्षांपूर्वी ओपन बॉक्सच घेतला होता, कारण नवा परवडत नव्हता. आधी कोणी वापरलाय ह्याचं मला काही वाटलं नसतं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. जाहिरातीत लिहिलं होतं की ह्या मॉडेलबरोबर ऑफिस मिळतं. घरी येऊन वर्ड उघडलं तर पैसे भरा म्हणतंय. दुकानात विचारलं तर म्हणाले, मशीनमध्ये आहे, सुरू करा. होत नाही म्हणजे नाही. पहिल्या मालकाने त्याच्या खात्यावर ते आधीच सुरू करून टाकलं होतं, आणि ते त्याच्याबरोबर गेलं. पहिलं वर्ष मी प्रोजेक्टचे अहवाल कॉलेजच्या लॅबमध्ये बसून लिहिले.

---

सोल्डरवाला

माणकुलीचं अगदी बरोबर. मशीनबरोबर आलेलं ऑफिस पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू होतं, त्याच खात्याला चिकटतं. मशीन परत आलं तरी ऑफिस परत येत नाही. विंडोजचं तसं नाही, तो परवाना मशीनबरोबर राहतो. हा फरक दुकानदारांनाही माहीत नसतो. परत घेतानाच गिऱ्हाइकाला विचारायचं, ऑफिस सुरू केलं होतं का? हो म्हणाला तर चिठ्ठीवर ठळक अक्षरात, 'ऑफिस नाही'.

वॉरंटीचंही तसंच. पहिल्या विक्रीची नोंद झाली की तिथून दिवस मोजले जातात. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर घालून शेवटची तारीख बघायची आणि चिठ्ठीवर 'एक वर्ष' न लिहिता ती तारीख लिहायची.

---

हिशेबनीस

बेळगावींच्या दोन्ही मुद्द्यांवर बोलावं लागेल. फोंड्यात व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो.

बिलावर 'माल परत घेतला जाणार नाही' छापलं म्हणून सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे सदोष मालाबद्दल हं, मन बदललं म्हणून परत घेणं तुमच्या मर्जीवर. त्याच कायद्यात वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणंही त्याच सदरात येतं. गिऱ्हाइकाच्या घरी नऊ दिवस राहिलेल्या मशीनला 'डिस्प्ले पीस' म्हणणं मी माझ्या अशिलाला करू देणार नाही.

कुळागरताई, तुमच्या मिक्सरबद्दल: तो नुसता आवाज आहे की दोष, हे आधी सर्व्हिस सेंटरकडून लिहून घ्या. तीस दिवस व्हायच्या आत दुकानात लेखी द्या.

---

कुळागर

देव बरें करूं. उद्याच नेते.

---

बेळगावी

कायद्याचं मान्य, तीस दिवसांचं मला ठाऊक नव्हतं. पण म्हापशेकर, एक फायद्याची गोष्ट तरी ऐका. ओपन बॉक्स म्हणजे वापरलेला माल. वापरलेल्या मालावर जीएसटी फक्त फरकावर. चव्वेचाळीसला घेऊन चाळीसला विकलात तर फरकच नाही, म्हणजे टॅक्सच नाही.

---

हिशेबनीस

अर्धं खरं आहे, आणि नोटिसा अशा अर्ध्या खऱ्यातूनच येतात. फरकावर कर ही सवलत ज्यांनी तो माल घेताना इनपुट क्रेडिट घेतलेलं नाही त्यांच्यासाठी. म्हणजे एखाद्याचा जुना लॅपटॉप तुम्ही एक्स्चेंजमध्ये घेतला आणि विकला, तर चालेल. इथे मशीन तुम्ही वितरकाकडून नवं घेतलं, त्याचं क्रेडिट घेतलं. गिऱ्हाइकाने परत केल्यावर तुम्ही त्याला क्रेडिट नोट देता, म्हणजे पहिली विक्री मागे फिरली आणि माल पुन्हा तुमच्याच साठ्यात आला. दुसरी विक्री नेहमीसारखी, लॅपटॉपला 18 टक्के, पण जेवढ्याला विकाल तेवढ्यावर. चाळीस हजार सगळं धरून घेतलेत, तर त्यात 6,102 रुपये कर आणि 33,898 तुमचे. खरेदीपेक्षा कमीला विकला म्हणून क्रेडिट परत करावं लागत नाही.

क्रेडिट नोट मात्र न विसरता करा. बरेच दुकानदार पहिलं बिल तसंच ठेवतात आणि नुसती रोकड परत देतात. मग एकाच सिरियल नंबरची दोन बिलं बाहेर फिरतात. दुसरं गिऱ्हाईक वॉरंटीला गेलं की सर्व्हिस सेंटरवाला विचारतो, खरा मालक कोण? तिथे दुकानाची लाज जाते.

---

म्हापशेकर

दोन दिवस गायब होतो, आता सविस्तर लिहितो.

साखळीला फोन केला. ते म्हणाले, रात्री जेवण झाल्यावर झोपाळ्यावर बसून मांडीवर घेऊन बातम्या बघायचो. कुर्टीच्या मुलीने स्वतः फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं की ती पलंगावर, गुडघे उभे करून त्यावर ठेवून अभ्यास करायची. दोघांचं एक सारखं: टेबल नाही, मशीन तिरकं. दोघांकडे स्क्रीन झटकन काळी, निळी नाही.

दुकानाच्या मागे पत्र्याची पडवी आहे. बाहेर पाऊस, आत उकाडा. मशीन बॅटरीवर, व्हिडिओ चालू, मांडीवर घेऊन बसलो. सोल्डरवाल्यांनी म्हटलं होतं तसं खालची बाजू हाताने बघत होतो. विसाव्या मिनिटाला हात टेकवेना. कान लावला तर पंख्याचा आवाजच नाही. टेबलावर सपाट ठेवला की भुर्र करून सुरू, तिरका केला की बंद. अडतिसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी.

सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांनी खालचं झाकण माझ्यासमोर उघडलं. पंख्याच्या वायरीचा तो बोटाच्या नखाएवढा पांढरा कनेक्टर अर्धाच बसलेला, एक बाजू वर आलेली. दाबून बसवला, टक् आवाज झाला. एवढंच. दोन घरांत मनस्ताप, गावभर बदनामी, आणि कारण नखाएवढं.

---

सोल्डरवाला

छान शोधलंत. कारखान्यातून अर्धा बसलेला कनेक्टर मी पुष्कळदा बघितलाय, पंख्याचा, स्क्रीनच्या पट्ट्याचा, वायफायच्या तारेचा. म्हणून परत आलेलं प्रत्येक मशीन निदान अर्धा तास तिरकं, बॅटरीवर, एसीशिवाय चालवायचं. स्क्रीन शंभर वेळा उघडून मिटायला नको, पण दहा वेळा सावकाश, कडेने हात ठेवून, चित्र थरथरतं का बघत.

आपल्याकडची एक खास गोष्ट: खालचे स्क्रू आणि यूएसबीची तोंडं टॉर्चने बघा. समुद्राजवळच्या घरात राहिलेल्या मशीनच्या स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस बुरशीसारखा गंज लवकर येतो. दहा दिवस वापरलं म्हणतात आणि स्क्रूवर गंज, तर मशीन दहा दिवसांचं नाही, किंवा त्यावर पाणी सांडलंय. अशा वेळी सिरियल नंबर खोक्यावरचा, तळाच्या चिठ्ठीवरचा आणि आतला असे तिन्ही जुळवायचे. आतला बघायला:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

तीनही एक नसतील तर तुमच्याकडे दुसरंच मशीन परत आलंय.

---

पेडण्याचा_पुण्यात

ह्यात चार्जरची भर घाला. आमच्याकडे सगळ्यात जास्त अदलाबदल चार्जरची व्हायची. 65 वॉटचा ठेवून घेतात आणि जुना 45 वॉटचा परत करतात, दिसायला सारखाच. मशीन चार्ज होतं, म्हणून दुकानदाराला कळत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला जड काम करताना कळतं.

---

माणकुली

प्रश्न. झाकण उघडून आत बघायचं की नाही? माझ्या मित्राने रॅम घालायला उघडलं तर सर्व्हिस सेंटरने कटकट केली.

---

सोल्डरवाला

मी उघडतो. आत बघितल्याशिवाय पाणी सांडलंय की नाही हे सांगता येत नाही. कीबोर्डखाली पांढरट पावडर किंवा हिरवा डाग दिसला की खेळ संपला.

---

पेडण्याचा_पुण्यात

इथे मी असहमत. तुम्ही कारागीर आहात, उघडा. पण म्हापशेकर दुकानदार आहेत. त्यांनी उघडलं, एक क्लिप तुटली, स्क्रूवरचं सील गेलं, की उद्या कंपनी वॉरंटी नाकारायला मोकळी. संशय असेल तर सर्व्हिस सेंटरमध्येच उघडून घ्या आणि कागद घ्या. त्या कागदाला गिऱ्हाइकापुढे तुमच्या शब्दापेक्षा जास्त वजन आहे.

---

सोल्डरवाला

कंपनी कोणती त्यावर आहे. काहींना रॅमसाठी झाकण उघडलेलं चालतं. पण सर्व्हिस सेंटरला रांगेत आठवडा जातो हेही लिहा.

---

म्हापशेकर

मी सध्या कागदाच्या बाजूने आहे, दूधाने तोंड पोळलंय.

आता दुसरं मशीन तुमच्यासमोर मांडतो, बघून सांगा. जूनमध्ये 48,000 ला विकलेलं, सहाव्या दिवशी परत. मुलाला कॅड चालवायचं होतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून बदलून मोठं नेलं. मुलगा आला तेव्हा 41 च्या नोंदी बघितल्या होत्या का? नाही, तेव्हा मला माहीतच नव्हतं. पण ह्यावर रीसेट अजून झालेला नव्हता, म्हणून काल त्याला बोलावलं, त्याच्याच हाताने लॉगइन करून बघितलं. एकही नोंद नाही. मग त्यानेच खात्यातून बाहेर पडून, सगळं काढून टाका हा पर्याय निवडून रीसेट सुरू केला. त्याचे फोटो-कागद माझ्या हाती लागले नाहीत आणि त्यालाही ते दिसलं.

बॅटरीचा अहवाल त्याआधी काढला:

```
powercfg /batteryreport
```

DESIGN CAPACITY 41,040 mWh, FULL CHARGE CAPACITY 39,770, CYCLE COUNT 5. म्हणजे सुमारे 97 टक्के. मांडीवर, पडवीत, बॅटरीवर पाऊण तास: पंखा चालू, बंद पडला नाही. सिरियल तिन्ही जुळले. चार्जर 65 वॉटचा, त्याचाच. ऑफिस मुलाने सुरू केलं होतं, म्हणजे गेलं. वॉरंटी साइटवर पुढच्या जूनपर्यंत. तळाला एक छोटा ओरखडा.

माझी खरेदी करासकट 44,000. मी 44,000 ला लावायचा विचार करतोय. बिलापेक्षा चार हजार कमी.

---

पेडण्याचा_पुण्यात

दुसरा ढीग, नक्की. पण किंमत चुकतेय. गिऱ्हाईक तुमच्या जूनच्या बिलाशी तुलना करणार नाही. आज तेच मॉडेल नवं कितीला मिळतं?

---

म्हापशेकर

46,500. पावसाळी सेलमध्ये उतरलंय.

---

पेडण्याचा_पुण्यात

मग तुमची सूट अडीच हजारांचीच आहे, आणि त्यात ऑफिस नाही, वॉरंटीचे दोन महिने कमी. घेणारा घरी जाऊन फोनवर भाव बघेल तेव्हा त्याला फसवल्यासारखंच वाटेल, तुम्ही सगळं खरं सांगितलं असलं तरी. 40,000 करा. चार हजार तुमचे जातील. पण ते चवथीआधी विकलं जाईल. दिवाळीपर्यंत ठेवलंत तर नवंच आणखी उतरेल.

---

बेळगावी

इथे मी पुणेकरांच्या बाजूने. अडकलेला माल म्हणजे बर्फ, रोज वितळतो. वर म्हटलं ते राहू द्या, पण हे मला पटलं.

---

म्हापशेकर

ठीक, 40,000. आणि कंपनीची वॉरंटी संपल्यावर पुढचे दोन महिने दुकानाची, म्हणजे घेणाऱ्याला एकूण वर्ष पुरं मिळेल. हिशेबनीस, चालेल ना?

---

हिशेबनीस

चालेल, पण मर्यादा लिहा. दोन महिन्यांत मदरबोर्ड गेला तर काय करणार? 'दुरुस्ती, किंवा वापर वजा करून पैसे परत' असं काहीतरी बिलावरच असू द्या, तोंडी नको. आणि बिलावर 'ओपन बॉक्स, वापरलेला' हे शब्द सिरियल नंबरच्या शेजारी.

---

म्हापशेकर

चिठ्ठी आज लिहिली, हातानेच:

'ओपन बॉक्स. एका गिऱ्हाइकाने 6 दिवस वापरला, त्याला ग्राफिक्स कार्ड हवं होतं म्हणून परत. दोष सापडला नाही. बॅटरी 97 टक्के. ऑफिस नाही. कंपनीची वॉरंटी पुढच्या जूनपर्यंत, त्यापुढे 2 महिने दुकानाची. तळाला ओरखडा आहे, दाखवू. आजची नव्याची किंमत 46,500. ह्याची 40,000.'

ए-बी-सी काढून टाकलं. ए म्हणजे काय हे मलाच धड सांगता येत नव्हतं.

---

माणकुली

अशी चिठ्ठी असती तर मी तो लॅपटॉप तरीही घेतला असता, आणि लॅबमध्ये राग धरून बसले नसते.

---

बेळगावी

आणि पंखेवाला? तो दुरुस्त झाला ना, विकणार?

---

पेडण्याचा_पुण्यात

तिसरा ढीग. कागद जोडा, कारण लिहा, विका. दोष सापडून दुरुस्त झालेलं मशीन न सापडलेल्यापेक्षा कितीतरी भरवशाचं.

---

कुळागर

मला नाही पटत. यंत्र चांगलं असेल, पण गावात ते मशीन आता ओळखलं जातं. त्या ग्रुपवर फोटो गेलाय म्हणता ना? दुसऱ्या कोणाच्या हातात दिसलं की पुन्हा तीच चर्चा. आमच्याकडे असतं तर मी ते दुकानातच वापरलं असतं, बिलं करायला.

(मिक्सर दाखवला. कपलर झिजला नव्हता, नीट बसलाच नव्हता. आता गप्प आहे. तुमच्या पंख्याचंच भावंड.)

---

म्हापशेकर

कुळागरताई, दोन्ही बाजू पटतात, म्हणून अजून ठरलेलं नाही. तूर्त ते मशीन काउंटरवर माझ्या बिलांसाठी आहे, तिरकं ठेवून वापरतोय, आठ दिवस झाले.

एक केलं. सर्व्हिस सेंटरच्या कागदाची प्रत घेऊन रविवारी कुर्टीला जाऊन आलो. मुलीच्या वडिलांना पांढऱ्या कनेक्टरचा फोटो दाखवला आणि सांगितलं, तक्रार मला माहीत होती, तुम्हाला सांगायला हवी होती. ते जास्त काही बोलले नाहीत, चहा दिला. त्या ग्रुपवर त्यांनी काही लिहिलं की नाही मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही.

40,000 चं मशीन आज सकाळी शिवोलीच्या एका मास्तरांनी नेलं. चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, आधी ओरखडा दाखव.